कोणत्या ओळीला उत्तर येतं?

२०१३च्या उन्हाळ्यात ब्रिटनमधल्या वाहनधारकांसमोर एक छोटी विनंती येऊ लागली. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा कर भरला किंवा ड्रायव्हिंग लायसन्सचं काम उरकलं, की शेवटी आभाराचं पान उघडे. त्याच पानावर अवयवदात्यांच्या नोंदवहीत नाव घालण्याचं आवाहन असे. मात्र हे आवाहन सगळ्यांना एकाच शब्दांत दिसत नव्हतं. त्याचे आठ मजकूर तयार केले होते आणि कुणाला कोणता दिसणार हे केवळ योगायोगावर सोडलं होतं. पाच आठवड्यांत दहा लाखांहून अधिक माणसं त्या पानावर येऊन गेली. म्हणजे प्रत्येक मजकूर साधारण एक लाख पस्तीस हजार जणांच्या नजरेखालून गेला.

हा प्रयोग ब्रिटिश सरकारच्या ‘बिहेवियरल इनसाइट्स टीम’ या गटाने तिथल्या आरोग्यसेवेबरोबर केला होता. पहिला मजकूर अगदी साधा होता: कृपया नोंदवहीत नाव नोंदवा. दुसऱ्यात भर होती ती इतरांच्या उदाहरणाची, की हे पान पाहणारे हजारो लोक रोज नोंदणी करतात. तिसऱ्यात तीच ओळ होती आणि सोबत हसतमुख माणसांच्या घोळक्याचं चित्र. चौथ्यात त्याच ओळीशेजारी आरोग्यसेवेचं बोधचिन्ह. पाचवा म्हणत होता, की दाते कमी असल्यामुळे रोज तीन माणसं मरतात. सहावा सांगत होता, की तुम्ही नऊ जणांपर्यंतचं आयुष्य वाचवू किंवा बदलू शकता. सातव्यात एक प्रश्न होता: तुम्हाला अवयवाची गरज पडली, तर तुम्ही तो घ्याल का? घेणार असाल तर इतरांनाही मदत करा. आठव्याचं म्हणणं असं, की अवयवदान तुम्हाला पटत असेल तर ते कृतीत उतरवा.

पुढे वाचण्याआधी यातला कोणता मजकूर जिंकला असेल आणि कोणता तळाला गेला असेल, हे मनाशी ठरवून पाहा.

सातवा जिंकला. साध्या विनंतीवर पाहणाऱ्यांपैकी २.३ टक्के लोकांनी नोंदणी केली होती, प्रश्नावर ३.१ टक्के लोकांनी. हा फरक किरकोळ वाटतो, पण वर्षभर तोच मजकूर ठेवला तर सुमारे ९६ हजार नोंदण्या जास्त होतील, असा हिशोब त्या गटाने मांडला. रोज तीन माणसं मरतात ही ओळही चांगली चालली. आणि तळाला गेला तो चित्राचा मजकूर. शेजारी काहीच नसलेल्या साध्या विनंतीपेक्षाही तो मागे पडला. कुठल्याही कार्यालयातल्या बैठकीत हे आठ नमुने टेबलावर ठेवले असते, तर चित्राला कुणी विरोध केला नसता असं मला वाटतं. पान जरा भरल्यासारखं दिसतं, माणसांचे चेहरे आपलेसे वाटतात, असंच सगळे म्हणाले असते. हजारो नोंदण्या त्या एका मताने गमावल्या असत्या आणि गमावल्याचं कुणाला कळलंही नसतं.

मजकुराबद्दल आपली खात्री दांडगी असते. लिहिणारा स्वतःच्या कानाने वाचतो आणि मंजूर करणारा स्वतःच्या पदाच्या नजरेने. ज्याला तो पाठवायचा, तो त्या खोलीत नसतो. त्यामुळे एकच काम उरतं. दोन मजकूर लिहायचे, यादीतल्या माणसांत ते चिठ्ठ्या टाकून वाटायचे, उत्तरं मोजायची आणि पुढच्या खेपेला शब्द बदलायचे. हे काम लाखोंची वर्दळ असलेल्या संकेतस्थळापुरतं नाही. मदतीसाठी पत्रं पाठवणारी संस्था, परदेशी खरेदीदारांना ईमेल करणारा बेदाण्याचा व्यापारी, मुलाखतीसाठी वेळ मागणारा संशोधक, यांपैकी कुणालाही ते करता येतं. फक्त यादी लहान असली की काही गोष्टी फार काटेकोरपणे पाळाव्या लागतात. त्या दाखवण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेतो.

समजा, तालुक्याच्या गावातली एक शाळा आहे. तिच्या ८०० माजी विद्यार्थ्यांचे फोन नंबर हाती आहेत आणि प्रयोगशाळेसाठी सूक्ष्मदर्शक घ्यायचे आहेत. दरवर्षी व्हॉट्सॲपवर जाणारा मजकूर असा आहे: ‘सर्व माजी विद्यार्थ्यांना सस्नेह नमस्कार. आपल्या शाळेच्या सर्वांगीण विकासासाठी आपण सढळ हस्ते मदत करावी, ही नम्र विनंती.’

नवा मजकूर असा लिहिला: ‘सुनीलदादा, नमस्कार. तुम्ही २००४च्या दहावीच्या बॅचचे. शाळेच्या प्रयोगशाळेत सहा सूक्ष्मदर्शक घ्यायचे आहेत, एकाला साडेचार हजार लागतात. त्यातल्या एकाचा अर्धा खर्च तुम्ही उचलाल का? हो किंवा नाही, एवढं कळवलंत तरी चालेल.’

आता वाटणी. इथेच बहुतेकांचा प्रयोग पाठवण्याआधीच फसतो. यादी बॅचनुसार लावलेली असते आणि हाताला सोपं म्हणून वरच्या अर्ध्या नावांना जुना मजकूर जातो, खालच्या अर्ध्यांना नवा. वरच्या अर्ध्यात १९८५ची माणसं असतात. ती निवृत्तीला आलेली, हाती थोडा पैसा असलेली आणि आलेल्या निरोपाला उत्तर द्यावं अशा वळणाची. खालच्या अर्ध्यात नुकतीच नोकरीला लागलेली मुलं. जुन्याला जास्त उत्तरं आली, तर ती मजकुराची की वयाची, हे कधीच सांगता येणार नाही. म्हणून गूगल शीटमध्ये किंवा एक्सेलमध्ये नावांशेजारच्या रकान्यात हे लिहायचं:

```
=RAND()
```

प्रत्येक नावासमोर शून्य ते एकच्या मधला एक अंक येतो. हा अंक शीटला हात लागला की दर वेळी बदलतो, म्हणून तो रकाना कॉपी करून फक्त किमती म्हणून पुन्हा चिकटवायचा. मग त्या अंकानुसार यादी लावायची आणि पहिल्या २०० जणांना जुना मजकूर, पुढच्या २०० जणांना नवा. उरलेले ४०० दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवायचे. एकाच घरातली भावंडं दोन गटांत जाऊ देऊ नयेत, कारण जेवताना दोन्ही निरोप शेजारी शेजारी येतात.

दोन्ही मजकूर एकाच फोनवरून आणि एकाच दिवशी जायला हवेत. नवा मजकूर गुरुजींच्या नंबरवरून गेला आणि जुना ऑफिसच्या, तर जिंकतात गुरुजी. एक शनिवारी आणि दुसरा सोमवारी सकाळी गेला, तर जिंकतो शनिवार. शिवाय व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो. ज्यांनी केलेला नाही त्यांच्यापर्यंत तो जातच नाही. जुना मजकूर ब्रॉडकास्टने आणि नावानिशी लिहिलेला नवा एकेकाला, असं झालं तर तुलना शब्दांची राहत नाही, पोहोचण्याची होते. म्हणून दोन्ही एकेकट्याला पाठवायचे. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

मग नोंद. त्यासाठी पाच रकाने पुरतात: नाव, कोणता मजकूर, पाठवल्याची तारीख, उत्तराची तारीख आणि उत्तराचा प्रकार. यातला शेवटचा रकाना सगळ्यात जास्त विचार मागतो. नुसता अंगठा पाठवणं हे उत्तर का? ‘बघतो, कळवतो’ हे उत्तर का? ‘सर, कसे आहात, किती वर्षांनी!’ हे उत्तर का? याचा निर्णय पहिला निरोप जाण्याआधी कागदावर लिहून ठेवायचा. उत्तरं आल्यावर ठरवायला बसलं, की आपल्या आवडत्या मजकुराला आलेला अंगठा होकार वाटतो आणि दुसऱ्याला आलेला केवळ सौजन्य. आपल्या शाळेपुरतं असं ठरवू, की दहा दिवसांच्या आत ‘हो, इतके देतो’ असं सांगणारं उत्तरच मोजायचं. बाकीची उत्तरं नोंदवायची, पण निकालात धरायची नाहीत. निळ्या खुणा तर मुळीच मोजायच्या नाहीत, कारण अनेकांनी त्या बंद ठेवलेल्या असतात. ईमेलमध्येही ‘किती जणांनी उघडला’ हा आकडा २०२१पासून फारसा भरवशाचा उरलेला नाही. ॲपलच्या मेल ॲपमध्ये तेव्हापासून असा पर्याय आला आहे, की तो निवडलेला असला तर माणसाने पत्र वाचलं नाही तरी त्यातली चित्रं आपोआप आधीच उतरवली जातात, आणि पाठवणाऱ्याला पत्र उघडल्यासारखं दिसतं.

आणखी एक आकडा लिहून ठेवायचा, तो म्हणजे ‘पुन्हा पाठवू नका’ असं सांगणाऱ्यांचा. जो मजकूर होकारही जास्त आणतो आणि नाराजीही जास्त आणतो, तो यंदा जिंकतो आणि पुढच्या वर्षी यादीच लहान करून ठेवतो. ‘शेवटची संधी’ असं खोटंच लिहिलं तर उत्तरं वाढतीलही, आणि हे वह्यांमध्ये विजय म्हणूनच नोंदलं जाईल. म्हणून माझा आग्रह असा, की खरं नसलेलं वाक्य स्पर्धेतच उतरवू नये.

दहा दिवस झाले. समजा, जुन्या मजकुरावर २०० पैकी १८ होकार आले आणि नव्यावर २७. नऊ टक्के आणि साडेतेरा टक्के. नवा दीडपट! बहुतेक ठिकाणी इथेच टाळ्या पडतात आणि जुना मजकूर कायमचा बाद होतो.

पण इथे थांबायला हवं. दोन्ही मजकूर अगदी सारखेच असते, तरी दोन गटांत नेमके सारखे होकार आलेच नसते. कुणी प्रवासात असतं, कुणाचा पगार कालच झालेला असतो. असा नुसत्या योगायोगाने किती फरक पडू शकतो, याचा एक ढोबळ अंदाज कागदावर काढता येतो. दोन्ही गट सारख्या आकाराचे असतील आणि होकार थोडेच असतील, तर एकूण होकारांचं वर्गमूळ काढायचं आणि त्याची दुप्पट करायची. दोन गटांतला फरक त्याहून मोठा असेल तर तो मनावर घ्यायचा. आपले एकूण होकार ४५. वर्गमूळ साधारण ६.७, दुप्पट १३.४. आपला फरक आहे ९. म्हणजे पुरत नाही. मजकुरांत काहीच भेद नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरातल्या पंधराएक वेळा आपोआप पडला असता. हाच हिशोब ब्रिटनच्या प्रश्नाला लावून पाहा. प्रश्नावर सुमारे ४,२०० नोंदण्या, साध्या विनंतीवर सुमारे ३,१००. एकूण ७,३००, वर्गमूळ ८५च्या आसपास, दुप्पट १७०. फरक हजारावर. तिथे शंकेला जागाच उरत नाही. टक्क्यांतला फरक आपल्यापेक्षा कितीतरी लहान असूनही त्यांचा निकाल पक्का आणि आपला कच्चा, कारण त्यांची संख्या मोठी होती.

एवढा फरक खरोखरच असेल, तर तो बऱ्यापैकी खात्रीने पकडायला प्रत्येक गटात आठशेच्या आसपास माणसं लागतील. आपल्याकडे दोन्ही मिळून आठशे आहेत. लहान यादीवाल्याने यातून एक गोष्ट घ्यायची. ‘नम्र विनंती’ बरी की ‘कळकळीची विनंती’ असल्या बारीक तुलना त्याने करूच नयेत. त्यांतला फरक असलाच तर तो इतका लहान असणार, की त्याच्या यादीत तो कधी दिसणारच नाही. त्याने मोठे बदल एकत्र करून पाहावेत. आपल्या नव्या मजकुरात माणसाचं नाव आहे, बॅच आहे, ठरावीक वस्तू आणि तिची किंमत आहे, आणि हो की नाही असं सोपं उत्तर मागितलेलं आहे. यांपैकी नेमकं कशामुळे उत्तरं वाढली हे यातून कळणार नाही. शाळेला ते कळण्याची गरजही नाही, तिला सूक्ष्मदर्शक हवेत.

एकेक बदल सुटा करून पाहणं मोठ्या यादीलाच परवडतं. इंग्लंडमध्ये न्यायालयाचा दंड न भरलेल्यांना वसुलीदार घरी जाण्याआधी एसएमएस पाठवून पाहिले गेले, तेव्हा हेच केलं होतं. काहींना निरोप पाठवलाच नाही, त्यांतल्या सुमारे पाच टक्के लोकांनी दंड भरला. साधा निरोप गेलेल्यांत हे प्रमाण २३ टक्के झालं. त्याच निरोपात सुरुवातीला फक्त माणसाचं नाव घातलं, तर ३३ टक्के. त्यानंतर अधिक मोठ्या संख्येवर पुन्हा फेरी घेतली गेली. मला यातला ज्यांना काहीच पाठवलं नाही तो गट फार मोलाचा वाटतो. तो नसता तर २३ टक्के हे सगळं यश निरोपाचंच धरलं गेलं असतं, आणि काही माणसं तशीही भरणारच होती हे दिसलं नसतं. शिवाय पाचवरून तेवीसवर जाणं हे तेवीसवरून तेहेतीसवर जाण्यापेक्षा मोठं आहे. शब्द घासत बसण्याआधी निरोप खरोखर सगळ्यांना जातो आहे ना, हे पाहणं जास्त फायद्याचं असतं.

शाळेकडे परतू. ४०० नावं राखून ठेवली होती. दोन फेऱ्या करायच्या हे आधीच ठरलं होतं, आणि ते आधीच ठरलेलं असणं महत्त्वाचं. रोज संध्याकाळी शीट उघडून पाहायचं आणि आपला मजकूर पुढे गेल्याच्या दिवशी निकाल जाहीर करायचा, असं केलं तर दोन सारख्या मजकुरांतही कधी ना कधी विजेता सापडतोच. दुसऱ्या फेरीत, समजा, जुन्यावर १६ होकार आले आणि नव्यावर पुन्हा २७. दोन्ही फेऱ्यांची बेरीज ३४ आणि ५४. एकूण ८८, वर्गमूळ ९.४, दुप्पट १८.८. फरक २०. आता नवा मजकूर पुढे आहे असं म्हणता येतं, जेमतेम का होईना.

मात्र ‘नव्या मजकुराने मदत साठ टक्क्यांनी वाढते’ असं कार्यकारिणीपुढे सांगू नये. जो मजकूर जिंकतो, त्याला थोडी गुणवत्ता आणि थोडं नशीब अशा दोघांची साथ मिळालेली असते. तो पुन्हा वापरला की नशिबाचा भाग गळून पडतो आणि खरी वाढ बहुधा कमी निघते. आणि फरक जेमतेमही भरला नसता, तर? तरीही पुढे नवाच मजकूर वापरावा, कारण दोन्हींचा खर्च सारखाच आहे आणि कौल थोडा तरी त्याच्या बाजूचा आहे. मात्र ‘सिद्ध झालं’ असं वहीत लिहू नये.

वहीत लिहून ठेवण्यासारखं आणखी बरंच असतं, आणि ते आकड्यांत येत नाही. सगळी उत्तरं एकदा सलग वाचून काढावीत. ‘अर्धा खर्च’ विचारल्यावर तिघा-चौघांनी ‘पूर्ण एक माझ्या आईच्या नावाने देतो, पाटी लावाल का?’ असं लिहिलं असेल, तर पुढच्या फेरीचा मजकूर तुमच्या हाती आला. ‘आधीचे पैसे कुठे गेले?’ असं कुणी विचारलं असेल, तर पुढच्या मजकुरात पहिलं वाक्य मागच्या वर्षीच्या हिशोबाचं हवं. कोणता मजकूर बरा एवढंच मोजणी सांगते. पुढे काय लिहून पाहावं, हे या उत्तरांतून सुचतं.

जिंकलेला मजकूरही कायमचा जिंकलेला नसतो. २०१२च्या निवडणुकीत बराक ओबामांच्या प्रचारयंत्रणेने देणग्या मागणाऱ्या ईमेलचे एकेका वेळी अठरापर्यंत नमुने आधी थोड्या लोकांना पाठवून पाहिले होते. कोणता जिंकेल याचे तिथल्या अनुभवी माणसांचे अंदाज वारंवार चुकत. मजकुरातल्या ओळी भडक पिवळ्या रंगाने ठळक करण्याची युक्ती त्यांना लागू पडली, आणि काही काळाने तिचा नवेपणा ओसरला. म्हणून आपल्या शाळेने पुढच्या जूनमध्ये सगळ्या ८०० जणांना नवा मजकूर पाठवू नये. पुन्हा =RAND() लावून शंभर-दीडशे जणांना जुनाच पाठवावा. एका वर्षाच्या आकड्यांवरून काही ठरणार नाही. पण दोन-तीन जूनची बेरीज केली, की नावानिशी केलेल्या विनंतीची लोकांना सवय होऊन तीही ‘सस्नेह नमस्कार’सारखी न वाचताच सरकवली जाऊ लागली आहे का, ते या छोट्या गटाशी ताडून पाहता येईल.